हत्तीची सोंड आणि माझं टक्कल

“ओ टक्कलवाले! जरा डावीकडे. सोंड झाकतेय तुमच्यामुळे!”

महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटजवळ, जिथून समोरचा कडा हत्तीच्या डोक्यासारखा दिसतो त्या नीडल होलच्या कठड्याला रेलून मी कृष्णेचं खोरं बघत होतो. बघायला बंदी नाही, असा माझा समज. मंकी कॅप घातलेल्या, हातात मक्याचं कणीस असलेल्या काकांचा तसा नव्हता. दोन-चार कुटुंबांना त्यांनी आधीच ओळीत उभं केलं होतं. माझी त्यांची ओळख नाही, पण हुकूम सख्ख्या मामासारखा.

“मला पलीकडून काढायचाय फोटो,” मी म्हटलं.

“काढा की! हत्ती नाही येणार. नुसता दगड येईल.”

गेलो. नुसता दगड आला. कड्याला आरपार भोक आहे म्हणून सुळक्याची सोंड होते, पण भोकातून आरपार दिसायला तिरकंच बघावं लागतं. तशी जागा कठड्याची चार हात. उरलेल्या बाजूंना एकतर झाडी, नाहीतर दरी. त्यात पॉइंटचं तोंड पूर्वेला. सकाळी सूर्य समोर आणि हत्ती काळाकुट्ट. म्हणून सगळे दुपारनंतर त्याच चार हातांत एकमेकांचे पाय तुडवतात. ज्या केटचं नाव पॉइंटला आहे ती गव्हर्नर माल्कमची मुलगी म्हणे. तिला नक्कीच कुणी सरकवलं नसणार.

परत आलो तर काका फोन नाचवत होते. “हा फोटो साडूने पाठवलाय. खाली लिहिलंय, आफ्रिकेतला निसर्गाचा चमत्कार! आता बघा.” त्यांनी कणसाने हवेत रेघ मारली. “सोंडेची कड मागच्या डोंगराला कुठे कापते? इथेच. फोटोत? तिथेच. साडू हरला!”

“झूम केला असेल तर?” मी कुजकटपणे विचारलं.

“झूमने मोठं होतं हो, सरकत नाही! कशाने काय झाकलंय ते उभं राहण्याच्या जागेवर. दोन पावलं हला, सोंड सरकते, मागचा डोंगर जागच्या जागी.”

मी हललो. सोंड खरंच सरकली. फार राग आला.

“कठडा बघायचा नाही,” काका आता सगळ्यांना शिकवत होते. “कठडे बदलतात, झाडं वाढतात, धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं. दगड बघा. आणि सोंड उलट्या बाजूला वळलेली दिसली तर फोटो आरशासारखा फिरवलाय.”

सगळं बरोबर होतं, हीच तक्रार आहे. एकाच जागेवरून हजारो फोटो निघाल्यामुळे जागा ओळखता येते हे ठीक. पण मग तोच फोटो आणखी एकदा काढायला आम्ही घाट चढून, पार्किंगचे पैसे भरून, तासभर रांगेत का उभे राहतो? बरं, रांगेतून पुढे आल्यावर तरी निवांत दोन मिनिटं मिळावीत! मागून लगेच, “झालं का?” दरीकडे बघणारा माणूस म्हणजे फोटोतला अडथळा, असंच ठरून गेलंय.

शेवटी मीही मोबाइल वर केला.

“थांबा!” काकांनी माझं कोपर धरून मला अर्धं पाऊल मागे ओढलं. “हं, आता काढा. आणि लवकर, मागे नाशिकची बस आलीये.”