रेकॉर्डिंग थांबवा म्हणणारा सहा ओळींचा मेल

स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरच्यांसाठी आम्ही झूमवर एक गट चालवतो. बैठकीचं रेकॉर्डिंग होतं, कारण कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा भाऊ दुबईत, आणि इथल्यांनाही दर वेळी पेशंटला सोडून बसता येतंच असं नाही. गेल्या बैठकीआधी एका सदस्य ताईंचा मेल आला. त्यांना विचारून इथे देतेय.

"नमस्कार. रविवारी 'घरातली मारहाण आणि आरडाओरडा' हा विषय आहे. घरचे अनुभव सांगताना रेकॉर्डिंग थांबवता येईल का? डॉक्टरांचं बोलणं रेकॉर्ड व्हायला माझी हरकत नाही. थांबवलं की तसं सगळ्यांना सांगा. जे आले नसतील त्यांच्यासाठी मुद्दे मी नावं न घालता लिहून देईन. कळवा, म्हणजे त्याप्रमाणे बोलायचं की नाही ते ठरवते."

बस, एवढंच. कारण दिलेलं नाही, आणि मला ते फार आवडलं. कारण विचारायचं म्हणजे जे रेकॉर्डवर नको तेच आधी मेलमध्ये लिहून मागायचं!

आमच्या संयोजक मंडळींत मात्र यावर वाद झाला. एकाचं म्हणणं, "आत येताना सगळे 'रेकॉर्डिंग होतंय' हे वाचून बटण दाबतातच की. संमती झाली." झाली, पण कुणाची? बटण आई दाबते. बोलणं चालतं तिच्या मुलाबद्दल, जो पलीकडच्या खोलीत झोपलेला असतो. त्याने कधी गोळ्या थुंकल्या, कधी बापावर हात उचलला, पोलीस कधी आले, हे सगळं त्याच्या नकळत फाईलमध्ये जातं. उद्या तो बरा होऊन नोकरीला लागला, तरी ती फाईल तशीच राहणार. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. त्यातलं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे, आपल्यासारख्या नातेवाइकांच्या गटावर नाही. पण म्हणून काय डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायचं आणि आपण व्हिडिओ वाटायचा?

दुसरा मुद्दा आला, "आत्ता होऊ दे, नंतर कापू." यात एक गोम आहे. झूमच्या क्लाउडवर रेकॉर्डिंगची सुरुवात-शेवट कापला, तर शेअर केलेल्या लिंकवर तेवढा भाग दिसत नाही, पण मूळ फाईलमध्ये तो असतोच. खरोखर काढायचा तर फाईल उतरवून, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कापून, मूळ पुसून टाकावी लागते. आणि कापणाऱ्याला ते सगळं पुन्हा ऐकावं लागतं ते वेगळंच. शिवाय बोलणाऱ्या बाईला बोलतानाच भरवसा हवा असतो. नंतरच्या कात्रीचा तिला काय उपयोग?

मी ताईंना 'हो' कळवलं, आणि एक बदल सुचवला. एरवी आमच्याकडे डॉक्टर बोलतात, मध्येच कुणीतरी घरचं सांगतं, डॉक्टर त्यावर उत्तर देतात. अशा खिचडीत रेकॉर्डिंग थांबवत-चालू करत बसलं की कुठेतरी चुकणारच. विंडोजवर Alt+P दाबलं की रेकॉर्डिंग थांबतं, आणि तेच पुन्हा दाबलं की सुरू होतं. बोटाला नीट लक्षात नसेल तर घोळ ठरलेला. म्हणून आधी डॉक्टर आणि सर्वसाधारण प्रश्न, मग रेकॉर्डिंग बंदच करायचं आणि अनुभव शेवटी. पुन्हा सुरू करायचा प्रश्नच नाही.

रविवारी तसंच केलं. डॉक्टरांनी नीट सांगितलं: चिडलेल्या माणसाशी वाद घालू नये, दाराची वाट मोकळी ठेवावी, आवाज खाली आणावा, हाताशी येणाऱ्या जड-धारदार वस्तू आधीच हलवाव्यात, आणि जीवावर बेतेल असं वाटलं तर लाज न बाळगता 112 लावावा. हे ज्याला हवं त्याला ऐकू दे. मग मी रेकॉर्डिंग बंद केलं, तसं मोठ्याने सांगितलं, आणि "कोपऱ्यातली लाल खूण गेलीय का, बघा" म्हणून दोघातिघांकडून खात्री करून घेतली.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: चॅट. रेकॉर्डिंग बंद असलं तरी कुणाच्या संगणकावर चॅट आपोआप सेव्ह होण्याची सेटिंग चालू असेल, तर लिहिलेलं त्याच्याकडे राहतं. म्हणून त्या भागात नाव-गाव चॅटमध्ये टाकायचं नाही, जे आहे ते तोंडीच. आणि समोर मोबाईल धरून कुणी टिपून घेतलं तर मी थांबवू शकत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर जे बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही, उघड आहे. एवढंच सांगते, एरवी कॅमेरा बंद करून नुसते ऐकणारे एक काकाही त्या दिवशी बोलले.

दुसऱ्या दिवशी एका सदस्याच्या अमेरिकेतल्या मुलाने विचारलं, "व्हिडिओ अर्धाच कसा?" त्याला ताईंनी लिहिलेलं पानभर टिपण पाठवलं आणि पुढच्या बैठकीची वेळ कळवली. तिकडे तेव्हा सकाळ असते, जमेल त्याला.