लोहचुंबक न चिकटणारं प्रत्येक सिंक ३०४ नसतं

दावा: “सिंकला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर ते ३०४ ग्रेडचं, कधीच गंजणार नाही.”

हे खरं नाही. ३०४ या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०१ या दुसऱ्या ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घालतात, आणि तेही चुंबकाला ओढत नाही. उलट अस्सल ३०४ ची भांडी दाबून घडवताना कोपऱ्यांत थोडं चुंबकत्व येतं. म्हणजे या चाचणीत खोटं पास होतं आणि खरं नापास.

जुळे सोलापुरात माझ्या बहिणीने असंच चुंबक लावून सिंक घेतलं. वर्षभरात जाळीभोवती तपकिरी ठिपके आले. आधी वाटलं, भाकरीचा लोखंडी तवा ओला ठेवल्याचे डाग असतील. ते घासल्यावर जातात. हे जाऊन पुन्हा त्याच जागी उमटत, बोटाला बारीक खड्डे लागत. दुकानदाराने मँगनीज तपासायच्या द्रावणाचा थेंब टाकून बॅटरी लावली, थेंब लाल झाला. म्हणजे २०१ ज्यात मोडतं त्या २०० मालिकेचा पत्रा. घेण्याआधीच ही चाचणी मागा, आणि बिलावर ‘३०४’ लिहून घ्या.

मात्र मीठ किंवा ब्लीच रात्रभर साचलं तर ३०४ लाही खड्डे पडतात. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर गंज नव्हे, तो व्हिनेगरने निघतो.

पोचा येणं ग्रेडपेक्षा जाडीवर अवलंबून असतं. कुकर आपटणाऱ्या घरात १ मिलिमीटरचा पत्रा घ्यावा.