माझे आठशे रुपये कुठवर आले?

तिकिटावर ‘नॉन-रिफंडेबल’ असं छापलेलं दिसलं की सरळमार्गी माणूस पैशांवर पाणी सोडतो. मी सोडत नाही. चिकट आहे म्हणून (तेही आहेच), शिवाय नेमक्या किती पैशांवर पाणी सोडायचं हे तिकिटाची फोड पाहिल्याशिवाय मला कळत नाही म्हणून.

तर फोड बघू. समजा पोर्टलवरून काढलेलं पुणे-दिल्ली तिकीट 4,980 रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून 3,600. विमानतळाचं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरल्याचं शुल्क, 600. सुरक्षा शुल्क 200. जीएसटी 180. उरलेले 400 ही पोर्टलची ‘कन्व्हिनियन्स फी’. सोय कुणाची, ते लिहिलेलं नसतं.

आता रद्द करायला जावं तर मोबाइल सांगतो, कॅन्सलेशन चार्जेस 4,299. इथे घाबरू नये. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमाप्रमाणे विमान कंपनीला मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त आकार लावताच येत नाही. म्हणजे कंपनीची कात्री 3,600 पाशी थांबते. यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क हे विमानतळ वापरणाऱ्याकडून घ्यायचे पैसे, आणि आपण तर घरी पोहे खात बसलो आहोत. ते 800 परत मिळतात, मग तिकीट सेलमधलं असो की नॉन-रिफंडेबल. जीएसटीवर मात्र जीव अडकवू नये. कापून घेतलेल्या रकमेवरही तो लागतो.

विमान चुकलं तरी हे 800 आपलेच. फक्त ते आपल्या पायांनी चालत येत नाहीत. उड्डाणाची वेळ टळली की कॅन्सलचं बटण गायब होतं, आणि मग ‘नो-शो’ म्हणून कराचा परतावा मागावा लागतो. हा पर्याय मदतीच्या पानात असा दडवलेला असतो, की जणू घरातली चकलीची बरणीच. सापडला नाही तर ईमेल करायचा. पीएनआर, आडनाव, उड्डाणाची तारीख आणि एक वाक्य: यूडीएफ व सुरक्षा शुल्क परत करावे. त्यात स्वतःच्या आजारपणाची कहाणी घालू नये. वाचणाऱ्याला पाझर फुटत नाही, उत्तर मात्र लांबतं.

आता 800 चे 500 कसे होतात? मधे पोर्टल बसलेलं असतं. कन्व्हिनियन्स फी बुडाली ती बुडालीच, वर रद्द करण्याबद्दल पोर्टलचे स्वतःचे 300. म्हणून नुसतं ‘रिफंड कमी का?’ असं विचारू नये. ‘कंपनीनं किती कापले आणि तुम्ही किती?’ असं दोन खणांत विचारावं. या प्रश्नाला पोर्टलकडे तयार उत्तर नसतं, आणि माणूस निरुत्तर झाला की हिशोब बरा निघतो.

पुढचा सापळा गोड आहे. ‘वॉलेटमध्ये लगेच, मूळ खात्यात सात ते दहा दिवसांनी.’ बहुतेकदा वॉलेटवर आधीच टिकली लावलेली असते. वॉलेटमधल्या पैशांतून पुढचं तिकीटच निघतं, भाजी येत नाही. विमान कंपनीनंही पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी स्वतःकडेच जमा, ठेवायचे की नाही हे प्रवाशानं ठरवायचं असतं, हेही नियमातच आहे.

थेट कंपनीकडून क्रेडिट कार्डावर काढलेल्या तिकिटाचे पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. पोर्टलमार्गे वेळ वाढतो, पण जबाबदारी कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला आहे. तरी दोघं एकमेकांकडे बोट दाखवतातच. पोर्टल म्हणतं, ‘कंपनीकडून आले नाहीत.’ कंपनी म्हणते, ‘पोर्टलला दिले.’ मग ‘रिफंड प्रोसेस्ड’ या शब्दांवर समाधान न मानता नंबर मागावा. कार्डानं पैसे भरले असतील तर एआरएन, हा 23 आकड्यांचा असतो. यूपीआय असेल तर यूटीआर, हा 12 आकड्यांचा. नंबर देता आला नाही, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं धरावं. दिला, तर तो बँकेला सांगून पैसे कुठे आहेत ते शोधता येतं.

पण बँकेवर धावून जाण्याआधी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडावं. लोक बचत खात्यात रोज डोकावतात आणि पैसे कार्डावर जमा होऊन बसलेले असतात. काखेत कळसा! तिथेही नसतील, तर एअरसेवा या सरकारच्या हवाई प्रवाशांसाठीच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकायची किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 फिरवायची, एआरएन आणि ती दोन खणांची फोड समोर ठेवून.

आणि सगळं जमून 500 आले, की पाठोपाठ पोर्टलचा मेसेज येतो: ‘पुणे-दिल्ली फक्त 4,980 रुपयांत!’