पाच एमजीची गोळी जास्त गुणकारी नाही

"फॉलिक ॲसिड हे साधं व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. मग ४०० ची बारीक गोळी कशाला, सरळ ५ एमजीची घ्या, बाळाच्या मेंदूला जास्त फायदा. टेस्ट पॉझिटिव्ह आली की सुरू करा आणि नऊ महिने सोडू नका."

गर्भारपणाबद्दलच्या या सल्ल्यातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

फॉलिक ॲसिड गर्भारपणात द्यायचं मुख्य कारण म्हणजे बाळाची न्यूरल ट्यूब. याच नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. ती नीट मिटली नाही तर स्पायना बिफिडा किंवा ॲनेनसेफली असे दोष राहतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत ती मिटून जाते. आता तारखा मांडून पाहा. पाळी नियमित २८ दिवसांची, शेवटची पाळी १ मार्चला आली. गर्भ राहिला साधारण १५ मार्चला. पुढची पाळी २९ मार्चला यायला हवी होती, ती आली नाही. चार-पाच दिवस वाट पाहून ३ एप्रिलला टेस्ट केली. डॉक्टरांची वेळ मिळाली १० एप्रिलची, गोळी हातात आली ११ तारखेला. आणि नळी मिटायची तारीख १२ एप्रिलच्या आसपासची. म्हणजे जिच्यासाठी गोळी घ्यायची, ती गोष्ट उरकत आलेली असते.

अशा वेळी मोठ्या गोळीने भरपाई होईल असं अनेकींना वाटतं. मोठ्या डोसने रक्तातली पातळी लवकर चढते हे खरं, पण मिटून गेलेल्या नळीला त्याचा काही उपयोग नाही. शिवाय शरीरातला साठा एका दिवसात तयार होत नाही. फॉलिक ॲसिडपासून शरीरात फोलेट बनतं. तांबडी पेशी तयार होत असतानाच तिच्यात ते भरलं जातं आणि ती पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे पेशींमधली पातळी वर यायला काही आठवडे जावे लागतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मूल हवं असं ठरवल्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं आणि गर्भारपणाचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं. निदान महिनाभर आधी, दोन-तीन महिने मिळाले तर उत्तमच. न ठरवता दिवस गेले असतील तर कळल्या दिवसापासून सुरू करावं, पण तेही ४०० च.

पुढे नऊ महिने घेण्यात चूक नाही. गर्भारपणभर लोहासोबत ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड द्यावं असंच ही संघटना सांगते. तिथे हेतू रक्त कमी होऊ नये हा असतो. प्रश्न आहे तो ५ एमजीचा.

आधी आकड्यांतला घोळ. १ एमजी म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणून ५ एमजी म्हणजे ५०००. पाकिटावर एकीकडे "४०० एमसीजी" आणि दुसरीकडे "५ एमजी" दिसतं, तेव्हा ५ हा आकडा छोटा वाटतो. प्रत्यक्षात ती गोळी साडेबारा पट आहे.

मग ही मोठी गोळी आली कुठून? ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची एक चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सगळ्या स्त्रियांच्या आधीच्या गर्भाला न्यूरल ट्यूबचा दोष होता. त्यांना रोज ४ एमजी दिल्यावर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. फार मोठं यश होतं ते, पण ते त्या स्त्रियांपुरतं. ज्यांच्या बाबतीत असा इतिहास नाही त्यांच्यावर ही चाचणी झालीच नव्हती. त्यांच्यासाठीचा भक्कम पुरावा चीनमधून आला, रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅमचा, १९९९ साली. उत्तर चीनमध्ये गोळी न घेणाऱ्यांमध्ये हजारी सुमारे ४.८ दोष दिसत होते, गर्भधारणेच्या आधीपासून घेणाऱ्यांमध्ये ते १ वर आले. दक्षिणेत मुळातच हजारी १ होते, ते ०.६ झाले. माझ्या मते या आकड्यांतच सगळं उत्तर आहे. दोन्हीकडे प्रमाण उतरून जवळजवळ एकाच ठिकाणी थांबलं. उरलेले दोष बहुधा फोलेटशी संबंध नसलेल्या वेगळ्या कारणांनी होतात आणि फोलेट वाढवून ते जात नाहीत.

बाकीच्या फायद्यांचंही तसंच. ज्यांना प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब चढण्याचा धोका जास्त होता, अशा दोन हजारांहून अधिक स्त्रियांना पहिल्या तिमाहीनंतरही ४ एमजी चालू ठेवून पाहिलं गेलं. तो अभ्यास २०१८ साली छापून आला. धोका कमी झाला नाही.

आता लघवीचा मुद्दा. जादा भाग बाहेर जातो, पण सगळा नाही आणि लगेच नाही. गोळीतलं फॉलिक ॲसिड शरीराला जसंच्या तसं वापरता येत नाही, एका एन्झाइमने त्याचं रूपांतर व्हावं लागतं आणि माणसाच्या यकृतात हे काम संथ चालतं. मोठा डोस एकदम गेला की न बदललेलं फॉलिक ॲसिड रक्तात फिरताना सापडतं. तेवढ्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी त्याची भीती घालणार नाही.

मला काळजी वाटते ती बी १२ ची. बी १२ कमी पडलं की तांबड्या पेशी मोठ्या आणि कमी होतात, आणि दुसरीकडे मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. भरपूर फॉलिक ॲसिड दिलं तर पहिला बिघाड दुरुस्त होतो. हिमोग्लोबिन वर येतं, रिपोर्टमधला पेशींचा आकार नॉर्मल दिसतो, सगळ्यांना हायसं वाटतं. दुसरा बिघाड मात्र आत चालूच राहतो. तळपायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसराळूपणा ही त्याची लक्षणं आणि गर्भारपणात ती थकव्याच्या नावावर सहज खपून जातात. प्रौढांसाठी गोळ्यांतून मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडची वरची मर्यादा रोज १ एमजी ठरवली गेली ती याच कारणाने. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी १२ ची तपासणी आधीच करून घ्या. पुण्यातल्या माता-पोषण अभ्यासात २००८ साली दिसलं की ज्या आयांचं फोलेट जास्त आणि बी १२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त होता. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, पण एकच गोळी वाढवत नेण्याआधी थांबायला तेवढं पुरेसं आहे.

मोठा डोस लागतोच अशा स्त्रिया आहेत. आधीच्या गर्भाला किंवा स्वतःला वा जोडीदाराला न्यूरल ट्यूबचा दोष असणं, व्हॅल्प्रोएटसारखी फिट्सची औषधं, आधीपासूनचा मधुमेह, सिकल सेल किंवा थॅलेसेमिया, अन्न नीट शोषलं न जाण्याचे आजार. यांना डॉक्टर ४ किंवा ५ एमजी देतात, बहुधा १२ आठवड्यांपर्यंत. हा डोस मल्टिव्हिटॅमिनच्या अनेक गोळ्या खाऊन कधीच गाठू नये, कारण त्यांतलं रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए, जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं.

तुमच्या हातात आत्ता ५ एमजीचं पाकीट असेल तर घाबरू नका, काही आठवडे घेतलं म्हणून बाळाला इजा झाली असं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: हा डोस माझ्या कुठल्या कारणासाठी आहे, आणि कधीपर्यंत? वर दिलेल्यांपैकी कारण असेल तर गोळी चालू राहू द्या, नसेल तर ४०० वर आणायला सांगा. फिट्सचं औषध चालू असेल तर मात्र फॉलिक ॲसिड स्वतःहून कमी-जास्त करू नका, कारण फेनिटॉइनसारख्या औषधाची रक्तातली पातळी त्याने बदलते. आणि एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी एकच घ्या, दोन नाही.