मेहेरबान शाखाधिकारीसाहेब, विशेषणं वगळून

कर्ज मागणाऱ्या माणसाच्या दीर्घायुष्याची बँकेला किती काळजी असते, हे अमळनेरात धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकायला निघालो तेव्हा कळलं. मागितले चार लाख, पाच वर्षांसाठी, अकरा टक्क्यांनी. कागद झाले, जामीनदार झाला, आणि मग तरुण साहेबांनी एक गुळगुळीत पुस्तिका पुढे सरकवली. "काका, एवढा विमा घ्यावा लागेल. वर्षाला 28,000, दहा वर्षं."

"नाही घेतला तर?"

"घ्याच काका. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही."

ही अट लिहून द्या म्हटलं, तर साहेब नुसते हसले. मंजुरीपत्रात विम्याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. मग विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला. "सगळ्याला हो म्हणा," असं साहेबांनी आधीच पढवून ठेवलेलं. पलीकडून एका गोड आवाजाने विचारलं, "ही पॉलिसी आपण स्वेच्छेने घेत आहात ना?" माझी फाइल साहेबांच्या कोपराखाली दबलेली. मी हो म्हणालो. त्या फोनचं रेकॉर्डिंग होतं, कोपराचं होत नाही.

कर्ज खात्यात पडलं आणि त्याच दिवशी 28,000 निघून गेले. म्हणजे विम्याचा हप्ताही कर्जातूनच. मुलाने हिशेब मांडला: अकरा टक्क्यांनी पाच वर्षांत या 28,000 चे साधारण साडेछत्तीस हजार फेडायचे. हा झाला एका हप्त्याचा हिशेब. उरलेले नऊ अजून रांगेत.

रात्री तक्रारीचं पत्र लिहिलं. 'अन्यायाची परिसीमा' होती, 'सावकारी पाश' होता, 'खान्देशी मातीच्या सहनशीलतेचा अंत' दोन ठिकाणी होता. वाचताना माझाच गळा भरून आला. शेजारचे तात्या तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पत्र धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हाई काय शे?"

लाल पेन निघालं. तात्यांचं मत असं, की विशेषण कितीही वजनदार असो, आवक नोंदवहीत त्याला रकाना नसतो. सगळी कापणी झाल्यावर माझं नाव आणि 'मेहेरबान' एवढंच उरलं. मग त्यांनी विचारलं, "हे कोणाला?"

"बँकेला."

"आणि पैसे कोणाकडं?"

"विमा कंपनीकडं."

तात्यांनी दुसरा कोरा कागद घेतला. खरी मेख इथेच होती. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून, किंवा ईमेलने आल्यापासून, तीस दिवसांत ती परत करता येते. याला 'फ्री लूक' म्हणतात. थोडे दिवस मिळालेल्या संरक्षणाचं मोल, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. पण ही मागणी विमा कंपनीकडे करायची असते. लोक शाखेत जातात, साहेब "बघतो काका" म्हणतात आणि बघता बघता तीस दिवस संपतात.

म्हणून पहिलं पत्र कंपनीला, ईमेलनेही आणि स्पीड पोस्टानेही: पॉलिसी क्रमांक, ती मिळाल्याची तारीख, 'मला ही नको, रक्कम या खात्यात जमा करा', बस्स. परिसीमेला जागाच नव्हती. सोबत पुढचे हप्ते आपोआप कापायची परवानगीही रद्द केली.

दुसरं पत्र बँकेला. त्यात एकच मुद्दा: कर्ज जमा होण्याची आणि हप्ता कापला जाण्याची तारीख एकच आहे. जोडीला पासबुकाचं पान आणि विम्याची अट नसलेलं मंजुरीपत्र. बँकेची सेवा आणि विम्याची खरेदी यांची सांगड थेट किंवा आडूनही घालू नये, विमा पूर्णपणे ऐच्छिक हवा, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलेलं आहे. तेही एका ओळीत लिहिलं. पोच घेताना खिडकीवरच्या बाईंनी शिक्का शोधायला इतका वेळ लावला, की मला वाटलं आता शिक्क्यालाही विमा लागतो.

कंपनीचे फोन सुरू झाले. "सर, इतकी छान पॉलिसी का बंद करताय?" मी दर वेळी पत्राची तारीख सांगत राहिलो. शेवटी किरकोळ कापून पैसे आले. ते मी थेट कर्जात भरले.

बँकेचं उत्तर मात्र ठरलेलं होतं: 'ग्राहकाने पॉलिसी स्वेच्छेने घेतली आहे.' अशा उत्तराने समाधान झालं नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तीही फुकट. (फ्री लूकची मुदत हुकलेल्यांनी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जावं, आपल्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे.) मुलाने तक्रार भरली, शिक्क्याची पोच जोडली.

परवा शाखेतून फोन आला. आवाज पहिल्यांदाच मऊ. "काका, पैसे तर मिळाले ना? मग तक्रार मागे घ्या की. एक साधा अर्ज द्या."

म्हटलं, देतो की साहेब. आमच्याकडचे अर्ज तात्या तपासतात. सध्या त्यांचं लाल पेन संपलंय.