वडिलांचं डायलिसिस सांभाळलेलं वर्ष रिकामं नसतं

"गॅप इयरमध्ये घरी आजारी आई-वडिलांचं केलं असं अर्जात लिहू नका, अ‍ॅडमिशनवाले त्याला रिकामं वर्ष समजतात. ओळखीच्या कंपनीचं अनुभवपत्र लावा. लिहायचंच असेल तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. हॉस्पिटलची फाइल जोडायला विसरू नका."

अमेरिकेतल्या पदवी प्रवेशाबद्दलचा हा मेसेज वाचून भाचीने चांगला जमलेला मसुदा पुसून टाकला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी अनुभवपत्राचं, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे आहे. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, पाठवताना विद्यार्थी सही करतो की दिलेली माहिती खरी आहे. ती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. आणि खोटं उघडं पडायला फार काही लागत नाही. पगार मिळत होता म्हणावं तर बँकेत जमा नाही, शाळेच्या पत्रात गॅपचं कारण वेगळंच, आणि व्हिसाच्या खिडकीवर "तिथे काम काय करत होतास?" एवढं विचारलं तरी पुरे. व्हिसासाठी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली असं ठरलं, तर अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा त्या माणसाला कायमचा अपात्र ठरवतो. सवलत मागता येते, पण मिळेलच असं नाही. एका वर्षाचं खरं कारण झाकायला मुलांना हे करायला सांगायचं?

आता 'रिकामं वर्ष'. कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीत Family Responsibilities हा स्वतंत्र प्रकारच आहे. शिवाय हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या 'मेकिंग केअरिंग कॉमन' प्रकल्पाचा २०१६ चा 'टर्निंग द टाइड' हा अहवाल आहे. घरच्यांसाठी उचललेल्या जबाबदाऱ्यांनाही प्रवेशाच्या वेळी मोल द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे आणि अनेक विद्यापीठांच्या प्रवेशप्रमुखांनी त्याला पाठिंबा दिला आहे.

फक्त काम मोजून सांगावं लागतं. समजा, बारावीनंतर एका मुलाने वडिलांचं पोटातून होणारं घरगुती डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, वर्षभर सांभाळलं. दिवसाला ४ वेळा पोटात सोडायच्या द्रवाची २ लिटरची पिशवी बदलायची, दर वेळी साधारण ४० मिनिटं. रोजची १६० मिनिटं म्हणजे आठवड्याला १८-१९ तास. हा आकडा तासांच्या रकान्यात जातो. वर्णनाला १५० अक्षरंच मिळतात, तिथे 'वडिलांची सेवा केली' लिहून काहीच कळत नाही. 'रोज ४ पिशव्या बदलणं, आत-बाहेरचं माप, वजन व रक्तदाबाची नोंद, सामान मागवणं' असं लिहिलं की काम दिसतं.

रडवण्याच्या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते: कोरडा अहवाल कुणाच्या लक्षात राहत नाही. पण निबंधाच्या ६५० शब्दांतले ५०० वडिलांच्या वेदनेवर गेले, तर वाचणाऱ्याला वडील कळतात, मुलगा कळतच नाही. माझ्या मते आजाराला १५० शब्द पुष्कळ झाले. बाकीची जागा मुलाने काय पाहिलं आणि काय केलं याची. याच मुलाच्या वहीत आत २०००, बाहेर २३०० मिलि अशा नोंदी आहेत, म्हणजे ३०० मिलि जास्तीचं पाणी निघालं. डॉक्टरांनी जास्त ग्लुकोजची पिशवी दिली त्या दिवशी आणखी निघालं. का, असं त्याने नर्सला विचारलं आणि बारावीच्या 'द्रावणे' धड्यातला परासरणदाब समोर आला. तिथून तो पटलांबद्दल वाचू लागला आणि केमिकल इंजिनीअरिंगकडे वळला. एका सकाळी बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं. पोटात संसर्ग झाल्याची ती खूण असते, म्हणून पिशवी न फेकता तो ती घेऊन वडिलांसह लगेच हॉस्पिटलात गेला. निबंध इथून सुरू करावा. मात्र 'मी उपचार ठरवले' असा सूर नको. पिशवीची मात्रा डॉक्टर ठरवतात, हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं.

हॉस्पिटलची फाइल अर्जात कुणी मागत नाही, आणि ती वडिलांची खासगी बाब आहे. गॅपचा खुलासा निबंधात कोंबायचीही गरज नाही. Challenges and Circumstances या भागात २५० शब्दांची जागा आहे, तिथे चार-पाच वाक्यं पुरतात: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आजार कोणता, आठवड्याला किती तास. शाळेच्या समुपदेशकाच्या पत्रात तेच महिने यावेत. आणि बहुतेक मुलं विसरतात ते एक वाक्य नक्की हवं: आता पिशव्या कोण बदलतं. आई शिकली, धाकट्या भावाने घेतलं की प्रत्यारोपण झालं, जे असेल ते. नाहीतर हा मुलगा चार वर्षं घराबाहेर राहू शकेल का, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात तशीच राहते.