आठ मात्रांची चौकशी

नोकरीमुळे नवरा-बायको दोन वेगळ्या शहरांत राहत असतील आणि त्यातल्या एकाला गाणी लिहिण्याची खोड असेल, तर त्याच्याकडून विरहगीताची अपेक्षा केली जाते. माझ्या संगीतकार मित्राने केहरवा तालात एक चाल बांधून पाठवली आणि सोबत "जरा काळजाला हात घाल" अशी सूचना केली. मी घातला. पहिल्या खर्ड्यात चंद्र आला, ओल्या पापण्या आल्या आणि एक अनावश्यक पक्षीही आला. बायकोला फोनवर वाचून दाखवल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. चंद्र कुठून दिसला तुला?"

तेव्हा मी चंद्राला रजा दिली आणि आम्ही रोज खरोखर काय बोलतो, याची यादी केली. प्रेमाचे एकही वाक्य त्यात निघाले नाही. गॅस, मोबाइलचा चार्जर, वाळत घातलेले कपडे आणि रोज रात्री न चुकता एकच प्रश्न: "दार लावलं?" याच प्रश्नाचे ध्रुवपद करायचे ठरले आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली, कारण दुःख कोणत्याही मापात बसते, पण दाराची चौकशी बसत नाही.

चाल आठ-आठ मात्रांची होती, म्हणजे अर्ध्या ओळीला केहरव्याचे एक आवर्तन. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन आणि अनुस्वार आला की त्याच्याही दोन, या हिशेबाने "दार लावलं" नेमके आठ मात्रांचे भरले. मी खूश झालो. उत्तर मात्र "हो, लावलं" असे होते आणि ते सात मात्रांवरच संपत होते. मित्राने तत्काळ तोडगा काढला, "होय कर, आठ होतील." गणित बिनचूक होते, पण "होय, लावलं" असे मी बायकोला म्हटले असते, तर दाराऐवजी माझ्या तब्येतीची चौकशी झाली असती.

शेवटी उरलेली मात्रा उत्तराच्या आधी रिकामी ठेवायची, असे मी सुचवले. म्हणजे "दार लावलं?" हा प्रश्न समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरू होऊन आवर्तनभर चालेल, पुढच्या समेवर कोणीच काही बोलणार नाही आणि "हो" दुसऱ्या मात्रेवर येईल. मित्र हादरला. ज्या समेवर श्रोत्यांनी माना डोलवायच्या, तिथेच गायक गप्प! मी त्याला समजावले, की त्या एका मात्रेत गाण्यातला नवरा पलंगावरूनच मान वळवून कडी लागली आहे का ते पाहतो आणि मगच उत्तर देतो. त्याने लगेच त्या रिकाम्या जागेत बासरी भरली. मी ती काढायला लावली, कारण कडीकडे पाहताना बासरी वाजत नाही.

अंतरा त्या मानाने सरळ गेला.

सगळा पलंग माझा तरिही
झोपत असतो काठावरती

यातल्या "तरीही"चा "री" मी ऱ्हस्व केला आहे. तो दीर्घ ठेवला तर मात्रा नऊ होतात आणि तबलजी माझ्याकडे बघतो. एवढी सूट कवींना पूर्वापार मिळत आली आहे. मित्राला या ओळींच्या शेवटी "तुझ्याविना" हवे होते. मी नकार दिला, कारण ते जोडताच श्रोता हळहळून मोकळा होतो आणि काठावर का झोपतो याचा विचार करीत नाही. सवयींच्या गाण्यात भावनेचे नाव घेतले, की सवय पुरावा न राहता सजावट होते. चार्जर, गॅस, कपडे असे सगळे कोंबले तरी तेच होते, घरसामानाची यादी तयार होते. म्हणून मी दार आणि पलंग एवढेच ठेवले.

शेवटच्या अंतऱ्यात दोघे सुट्टीत एकत्र येतात. पलंगावर दोघे आहेत, काठावर कोणी नाही, तरीही रात्री तोच प्रश्न येतो आणि यावेळी नवरा विचारतो. शब्द तेच, मात्रा तेवढ्याच, फक्त आवाज बदललेले. "हो, लावलं" हे आता तिने गायचे. मित्राला हा बदल पटला आणि बासरी त्याने दोन अंतऱ्यांच्या मधल्या तुकड्यात घातली, जिथे तशीही कोणाला दाराची काळजी नव्हती.

ध्वनिमुद्रणाचा कच्चा नमुना बायकोने दोनदा ऐकला. यमकाबद्दल, चालीबद्दल ती काहीच बोलली नाही. "म्हणजे त्या रिकाम्या मात्रेत तू कडी बघतोस?" एवढेच तिने विचारले. तेव्हापासून रात्री मी लगेच "हो, लावलं" म्हणालो, की ती म्हणते, "मात्रा खाल्लीस. उठून बघ."